बॉयलरवाल्याची अक्षत

आमच्या राइस मिलचा बॉयलर फक्त ओमेशचं ऐकतो. आणि हाच बाबा एक दिवस कोणाला काही न सांगता गायब झाला. फोन लागेना. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं काम अडून बसलं.

केशोराव शेठ तापले. नाव कापून टाका म्हणाले, देवरीचा दुसरा माणूस यायला तयारच आहे. मी दुर्गेश्वरी, मिलचं ऑफिस सांभाळते आणि शेठला भीत नाही. असं नाव कापता येत नाही, मी म्हटलं. आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, नाहीतर उद्या लेबर कोर्टात आपल्यालाच उभं करतील.

नोटीस मीच लिहिली, चांगली कडक. आपण विनापरवानगी, काहीही न कळवता गैरहजर आहात. सात दिवसांत हजर होऊन लेखी खुलासा द्या, अन्यथा आपण स्वतःहून नोकरी सोडली असे समजून पुढील कारवाई करू. एक प्रत पोस्टाने गावच्या पत्त्यावर, पोच घेऊन. एक मिलच्या फळ्यावर. रागच आला होता मला. भरवशाचा माणूस म्हणून मी त्याचं कौतुक करत फिरायची ना!

मुदत संपायच्या आत ओमेश धावत आला. हातात नोटीस, नखं हळदीने पिवळी, तोंड उतरलेलं. बाप नाही, बहिणीचं लग्न त्याच्याच अंगावर. गाव देवरीकडे जंगलात, तिथे रेंज नाही. अरे, पण सांगितलं काऊन नाही?

"सांगतलं ना मॅडम. शेठच्या घरी मायजीच्या हातात लग्नाच्या आवतनाची अक्षत देली. मालकाच्या घरी देली म्हणजे अख्ख्या मिलले देली. मंग सुट्टी अलग काय मांगाची?"

शेठ म्हणाले, बहाणा आहे. त्यांचं घर मिलच्या मागेच. मी सरळ जाऊन त्यांच्या आईला, रुक्माबाईंना, घेऊन आले. म्हातारीने आधी ओमेशला लग्न कसं पार पडलं ते विचारलं, मग लेकाकडे वळली.

"ओमेशच्या बहिणीच्या लग्नाले घेऊन चाल म्हणून तुले म्हटलं होतं ना? तूच म्हणला, मले टाइम नाही."

मी ओमेशकडून खुलासा लिहून घेतला, शेठने तो मान्य केला. गैरहजेरी बिनपगारी रजेत धरली आणि पुढे अर्जाशिवाय जायचं नाही अशी लेखी ताकीद दिली. देवरीच्या माणसाला येऊ नको म्हणून फोन शेठनेच केला. फळ्यावरची नोटीस मी काढून घेतली. पण मनात एक सल राहिलाच. मिल मी चालवते, अन् अक्षत मात्र मायजीला!

उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं जमलं. ओमेश ऑफिसात आला, टेबलावर रजेचा अर्ज ठेवला आणि खिशातून पुडी काढली.

"मायजीले मंग देतो. पहिली तुमाले."

खरं सांगते, मला खूप बरं वाटलं. अर्जावर आवकचा शिक्का मारला आणि अक्षत पदरात घेतली.