मुदत संपायच्या आत

मांडणीवरून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत खणखणत राहिलं. कारखान्यातून आल्यापासून मनिषा ओट्याला टेकून नुसती उभी होती. कणीक मळायची तशीच राहिली होती.

"आई, ह्यो सोनलमावशीचा डबा," शंभूराज झाकण पायाखाली दाबून धरत म्हणाला. "न्यायला कवा येनार ती?"

"येईल रे."

येणार होतीच. दुपारी कळसहून तिचा फोन आला होता. पोरीची कावीळ उतरलीय, सोमवारपासून कामावर येते, आज खोलीवर सामान टाकायला येतेय म्हणून. मनिषाला तेव्हाच सांगता आलं असतं. पण फोनवर सोनल इतकी हसत होती की मनिषानं नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्या तासभर आधी, ऑफिसातल्या त्याच टेबलावरून, मनिषानं पुण्याला फॅक्स केला होता.

बारामतीच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवणारा दादासोंचा छोटा कारखाना. माल पाठवायचं बघायला माणूस हवा होता. कुणाच्या मळ्यात किती बंडल गेली, गाडी कधी निघाली, पोचपावती आली का, हे सगळं त्या माणसानं बघायचं. आधीचा दादासोंच्या पाव्हण्यांतला होता. थेट घेतला, दोन महिने शिकवला, आणि एक दिवस न सांगता पुण्याला दुसरीकडं लागला. पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्जांचा ढीग, पुन्हा हंगामात खोळंबा. ऑफिस सांभाळणाऱ्या मनिषानंच तेव्हा नोकरीला माणसं देणाऱ्या पुण्याच्या एजन्सीचं काढलं होतं.

"एक महिन्याचा पगार फी घेतात, दादा. तीपन मानूस कामावर हजर झाल्यावर. तीन महिन्यांत सोडून गेला, न्हायतर आपल्याला पटला न्हाय, तर दुसरा फुकट देतात."

"आन पैसं परत?"

"पैसं परत न्हाय. बदली मानूस, तोबी एकदाच. मुदतीच्या आत लेखी कळवलं पायजे."

"आपल्या गावात मानसं न्हाईत व्हय? थेट घ्यावं. चांगला निघाला तर आपला, वाईट निघाला तर आपलं नशीब," दादासो म्हणाले. पण मनिषानं हट्ट धरला. नशिबाला हमी नसते, एजन्सीला असते, असं ती बोलली, आणि आपलं बोलणं तिला त्या दिवशी फार आवडलं.

एजन्सीनं पाठवली सोनल. गाव कळस.

दादासो पोट धरून हसले. "पुण्याला फी भरून इंदापूर तालुक्यातली पोरगी आनलीस व्हय मनिषाताई? एवढ्यात ट्रॅक्टर पाठवून आनली असती की!"

सोनल ओशाळून हसली. "मी आले होते की दादा. जागा हाय म्हनून ऐकलं होतं. गेटवरच्या दत्तोबामामांनी सांगितलं, आता एजन्सीकडनंच घेत्यात, इथं अर्ज घ्यायचा न्हाय. मग पुण्याच्या मावसभावाकडनं तिथं नाव घातलं."

सगळे हसले. मनिषाही हसली. दत्तोबाला तसं सांगून ठेवणारी तीच होती.

सोनलचा नवरा अपघातात गेलेला. पोर स्वप्नाली आजीकडं कळसला ठेवून तिनं मनिषाच्या शेजारची खोली घेतली. काम असं उचललं की महिन्याभरात ड्रायव्हर लोक तिला विचारल्याशिवाय गाडी हलवेनात. संध्याकाळी शंभूराज तिच्याच ओट्यावर. रविवारी ती स्वप्नालीला घेऊन यायची. मग दोन्ही पोरं एका ताटात जेवायची आणि एकमेकांच्या वाटणीचं खाल्लं म्हणून भांडायची. मनिषाला सख्खी बहीण नव्हती. तिला वाटायचं, असती तर अशीच असती.

तिसरा महिना लागला आणि स्वप्नालीला कावीळ झाली. आधी कळसला औषधपाणी, मग इंदापूरच्या दवाखान्यात. सोनल गेली ती गेलीच; परत कधी येईन ते तिलाही सांगता येईना. ऐन द्राक्षांचा हंगाम; कळंबचे बागायतदार ऑफिसात येऊन बसायला लागले. मनिषानं तिचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं आणि चुका केल्या. एका गाडीतला माल कन्हेरीऐवजी भलत्याच मळ्यात उतरला.

काल दादासोंनी तिला बोलावलं. "मुदत संपत आली ना?"

"उद्या संपतीय. पन दादा, ती येईल. काम तुमी बघितलंय तिचं."

"बघितलंय. पन मुदत टळल्यावर ती आलीच न्हाय, तर?"

तर नवा माणूस, नवी फी. मनिषानं एजन्सीला फोन लावला. मुदत महिनाभर पुढं ढकला म्हणाली. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "तसं होत नाही हो मॅडम. रिप्लेसमेंट हवी असेल तर उद्यापर्यंत फॅक्स करा. एक उमेदवार तयार आहे, सोमवारी हजर करते. फक्त एकदा फॅक्स आला की तो मागे घेता येत नाही."

मनिषानं फोन ठेवला. दादासो खिडकीबाहेर बघत होते.

"थेट घेतली असती तर थांबलो असतो गं," ते हळूच म्हणाले. "आज न्हाय तर पंधरा दिवसांनी आली असती. कोन मोजनार होतं? आता फी भरून बसलोय. मुदत सोडली तर भावाला काय सांगू? त्याचाबी निम्मा पैसा हाय कारखान्यात."

ते वाक्य मनिषाच्या छातीत तेव्हापासून रुतून बसलं होतं. माणूस टिकावा म्हणून तिनं हमी मागितली होती, आणि त्या हमीनंच त्या माणसाच्या गळ्याभोवती मुदत बांधली होती.

दार वाजलं. सोनल आत आली, खांद्यावर पिशवी, तोंड वाळलेलं पण डोळे हसरे. "ताई, पेढे आणलेत. डॉक्टर म्हणाले, आता काळजी न्हाय."

मनिषानं पेढा घेतला नाही. सोनल तिच्याकडं बघत राहिली. मग सावकाश खाली बसली.

"मला काढलं व्हय?"

"बदली मागितली. फॅक्स मीच केला, सोनल."

मग सोनलनं विचारलं, "आन आता मी थेट अर्ज केला तर? एजन्सीबिजन्सी न्हाय. दादांच्या पाया पडते."

"जागा एकच हाय गं. सोमवारी दुसरी येतीय."

सोनलनं मान हलवली. भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर मनिषाला बरं वाटलं असतं. उठताना तिनं डबा घेतला, झाकण नीट बसवलं. दारात शंभूराजच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, तुमचं काय चुकलं न्हाय. आपली यायची वाटच लांबची होती, पुण्यावरनं."

तिच्या खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग सामान बांधल्याचा. मनिषा भिंतीला टेकून तो ऐकत राहिली. पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच होता.

शंभूराज जवळ येऊन बसला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आई, स्वप्नाली आजारी पडली म्हनून मावशीला काढलं?"

"व्हय रे."

तो विचार करत राहिला. गेल्या वर्षी त्याला गोवर निघाला तेव्हा मनिषा तीन आठवडे त्याच्या उशाशी होती. दादासो स्वतः शहाळी घेऊन आले होते. "पोराचं बघ आधी, ऑफिस कुठं पळून जातंय" म्हणाले होते. मनिषाला नोकरी सासऱ्यांच्या एका शब्दावर लागली होती. थेट.

"मग मी आजारी होतो तवा," शंभूराजनं तिच्या तोंडाकडं बघत विचारलं, "तुला का न्हाय काढलं?"