कडू की कढी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली आमच्या घरात वर्षाचे गहू पहिल्यांदाच आईविना भरले गेले. वडील जाऊन बराच काळ झाला होता. दादाच्या एकट्याच्या पगारावर घर चालायचं, आणि हंगामात एकदाच घेतलेले गहू पुढचा हंगाम येईपर्यंत पुरवायचे, हा आमच्या घरचा कायदा. गहू किडले तर दुसरे घेण्याची ऐपत नव्हती.

त्या वर्षी गहू यायच्या आधीच ताईला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. पहिलंच बाळंतपण. आई तिच्याकडे धावली. जाताना किल्ल्यांचा जुडगा तिने वहिनीच्या हातात दिला. वहिनी घरात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. "नीट सांभाळ," एवढंच आई म्हणाली. माझ्याकडे पाहून मात्र म्हणाली, "आणि तू तिला कामात हातभार लाव, स्वतः हुकूम सोडत बसू नकोस."

मी तेव्हा सतरा वर्षांची, हुकूम सोडण्यात पटाईत.

गहू आले. वहिनीने मला विचारलं, "यात घालायचं काय?" मला कुठे माहीत! मी आजवर गहू फक्त खाल्ले होते. शेवटी काकांकडे आईसाठी निरोप दिला. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, ताईच्या गावाच्या बसवर कंडक्टर होते. आयुष्यभर इंजिनाशेजारी उभं राहून त्यांचे कान अर्धे गेले होते, पण ते कबूल करायला ते तयार नसत. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडले, "तुझ्या आईने सांगितलंय, कढीलिंब! सावलीत वाळवून, खाली, मध्ये आणि वर!"

"कढीलिंब?" मी विचारलं.

"मग काय मी बोलतोय ते? बहिरी झालीस की काय?"

वहिनीने लगेच टोपली उचलली. शेजारच्या मावशींच्या परसात कढीलिंबाचं झाड होतं. ती तिकडे गेली. मावशी म्हणाल्या, "एवढा पाला? कुणाला जेवायला बोलावलंय?" वहिनी म्हणाली, "गव्हाला." मावशींना ती थट्टा वाटली.

गहू मात्र तिने मन लावून भरले. गच्चीवर जुन्या चादरींवर पसरले, चांगले तीन-चार दिवस उन्हं दिली, रोज पायाने उलथेपालथे केले. दाणा दाताखाली कट्‌ करून फुटेपर्यंत तिचं समाधान होईना. चाळले, पाखडले. स्टीलची दोन्ही पिंपं आतून पुसून उन्हात उलटी घातली. मी म्हटलं, "आता भर ना, माझी पाठ गेली." ती म्हणाली, "गहू अजून गरम आहेत." आणि सगळे गहू घरात आणून रात्रभर पसरून ठेवले. सकाळी गार झाल्यावर थर लावले: पाला, गहू, पाला, गहू, पाला. पिंपं काठोकाठ भरली, झाकणं घट्ट बसवली, वर कापडाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या. दोन पोती उरली, तीही तशीच पाला घालून शिवली, भिंतीपासून लांब फळीवर ठेवली. एक पोतं आम्ही लगेच खायला काढलं.

पावसाळा सरता सरता आई परत आली. ताईला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. आई अंगणात आली आणि पिशवी हातात तशीच ठेवून वर बघत उभी राहिली. आमच्या दारात कडूलिंबाचं मोठं झाड होतं.

"याची एक फांदीसुद्धा तोडलेली दिसत नाही," आई म्हणाली. "गव्हात पाला कुठला घातलात?"

"मावशींकडचा," वहिनी म्हणाली.

"त्यांच्याकडे कुठे आहे कडूलिंब?"

"कडूलिंब?" वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "काका म्हणाले, कढीलिंब."

आईने पिशवी खाली ठेवली. कुंपणापलीकडे मावशींचं झाड होतं. पावसाने नवी पालवी आली होती तरी अजून ते नुकतंच न्हाव्याकडून आल्यासारखं दिसत होतं.

"अगं, तुला विचारावंसं वाटलं नाही? गव्हात कधी कुणी फोडणी घालतं?"

वहिनी मान खाली घालून म्हणाली, "आमच्याकडे कडूलिंबच घालतात. मला वाटलं, या घरची रीत वेगळी असेल. नवीन आहे, कसं विचारायचं?"

आई रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती सरळ मागच्या खोलीत गेली. आम्ही दोघी मागे. उरलेल्या पोत्याची शिवण तिने उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"ऊब आहे," ती म्हणाली. हात बाहेर काढला तर मनगटावरून तीन-चार काळे टोके चालत होते. गव्हाला पोखरणारा तोच तो सोंडवाला किडा.

वहिनी मटकन खाली बसली. पोतं गेलं तर गेलं, पण पिंपांत सगळं वर्ष होतं. दादाला काय सांगायचं, पुढे खायचं काय? आईने पिंपाच्या झाकणावरच्या पट्ट्या सोडवल्या.

झाकण निघालं. आईने आधी झाकणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. कोरडं. वरचा पाला बाजूला सारला, हात आत घातला, आणि तिथेच ठेवला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"गार आहेत," ती म्हणाली. मूठभर गहू काढून तिने उजेडात परातीत पसरले. एक दाणा तोंडात टाकला. कट्‌. तो आवाज मला आजही ऐकू येतो. दुसऱ्या पिंपातही तसंच. एक टोका नाही, जाळी नाही, कुबट वास नाही. कढीलिंबाचा मंद वास तेवढा होता.

"गरम भरले नाहीस ना?"

"नाही. रात्रभर गार केले. गरम डब्यावर झाकण घातलं की आतून पाणी सुटतं, म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. स्वयंपाकघरात रोजच दिसतं ते."

आई तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "कोरडे, गार आणि घट्ट झाकलेले. म्हणून वाचले गं! पोतं श्वास घेतं, तिथे किड्याला वाट मिळते. तिथे कडूच हवा." मग वहिनीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "पुढच्या वेळी मात्र भांड माझ्याशी. रीत गेली खड्ड्यात."

त्याच संध्याकाळी काका आले. आईने विचारलं, "भावजी, मी काय म्हणाले होते?"

"कढीलिंब!"

"कडूलिंब!"

"तेच तर मी म्हणतोय, कढीलिंब!"

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली.

ऊन पडल्यावर पोतं उलटं केलं. गहू तापताच टोके चादरीच्या कडांनी पळत सुटले. चाळून ते गहू आधी दळायला काढले, कारण दाण्याच्या आत घातलेली अंडी पाल्याने मरत नाहीत. पोतं कडूलिंबाच्या उकळलेल्या पाण्यात बुडवून वाळवलं. आणि दारच्या झाडाचा पाला सावलीत खुळखुळीत वाळल्यावर पिंपांत घालून झाकणं पुन्हा बसवली. ते गहू पुढचा हंगाम येईपर्यंत पुरले.

काका निवृत्तीनंतर कानात यंत्र घालू लागले, पण शेवटपर्यंत म्हणायचे की निरोप बरोबरच दिला होता. मावशींनी दुसरं घर घेतलं तेव्हा अंगणात कढीलिंब लावला आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. ताईची ती मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. दादा निवृत्त झाला, दोन वर्षांपूर्वी गेला. आई त्याच्या बऱ्याच आधी गेली. शेवटच्या वर्षांत तिला नावं आठवत नसत. वहिनीला ती "कढीलिंब" म्हणूनच हाक मारायची, आणि वहिनी दरवेळी "ओ" द्यायची.

वहिनीचे गुडघे आता चालत नाहीत. एक पिंप तिच्याकडे आहे, दुसरं माझ्याकडे. हंगामात ती मला फोन करते आणि पहिल्यांदा एवढंच विचारते, "गार केलेस का गं?"