घटलेले शब्द

देवीदासने उभा जन्म रेल्वेत पॉइंट्समन म्हणून काढला. सिग्नल हिरवा दिसला तरी आधी रुळाकडे बघायचं, ही त्या नोकरीची शिकवण. निवृत्त झाला तरी सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली बोट घालून बघणारा माणूस आपला लेख छापखान्यात टाकून स्वस्थ बसेल, ही आशाच व्यर्थ.

लेख साधासुधा नव्हता. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, म्हणून गावच्या विहारातर्फे स्मरणिका निघणार होती. तीत सगळ्यात मोठा लेख देवीदासचा, आणि लेखाचा जीव होती एक विहीर. त्या विहिरीवर त्याच्या आईने, सुमनबाईने, आपल्या माणसांत सगळ्यात आधी बादली सोडली होती. त्यापायी जागेश्वर पाटलाने तिच्या कपाळावर काठी घातली. ती खूण घेऊनच ती म्हातारी झाली. पाहुणे आले की पदर कपाळावर ओढून घ्यायची. मरायच्या आधी म्हणाली, "लिहून ठेव रे, नावासकट." पन्नास वर्षांत ते नाव कागदावर कोणी उतरवलं नव्हतं.

लेख हाताने लिहून त्याने लेकाला दिला. संघदीपचं सारं शिक्षण गोंदियाला हिंदीतून झालेलं, आता शाळेत मास्तर. त्याने तो कॉम्प्युटरवर उतरवला, सीडी बनवली, पाकीट चिकटवलं आणि वर स्वतःच्या अक्षरात बापाचं नाव टाकलं. देवीदासनेच ते पाकीट सौंदड स्टेशनावरून गाडीने गोंदियाला नेऊन छापखान्यात दिलं. तिथे नूतन नावाची बाई मजकूर शुद्ध करायची. कामाची चोख, असं सगळेच सांगत.

पण नूतनचं माहेर त्याच गावचं, आणि जागेश्वर पाटील तिच्या बापाचा आतेभाऊ. हे कळलं आणि देवीदासच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यातून तिने आठवडा लावला. तो दोनदा खेटे घालून आला. तिसऱ्यांदा प्रूफ हातात पडलं, तर शेवटच्या पानाखालचा शब्दांचा आकडा बघून त्याचं अंग तापलं. संघदीपने सीडी देताना सांगितलं होतं, सहा हजारांच्या वर शब्द आहेत. इथे पाच हजारांच्या आसपास.

"बाई, हजारभर शब्द कुठं गेले?" त्याने खुर्चीवर न बसताच विचारलं.

"गेले नाही जी, जुडले," नूतन म्हणाली. ती उठली नाही, दचकलीही नाही. "बसा काकाजी, दाखवतो."

तिने एक ओळ पडद्यावर आणली. संघदीपने लिहिलं होतं, 'गावा तल्या लोकां ना तळ्या वर जावं लागे'. हिंदीत 'ने', 'को', 'पर' सुटे लिहायची सवय, तीच मराठीत उतरलेली.

"मोजा. मशीनले जागा दिसली की नवा शब्द. हे झाले आठ. मी लिहिलं, गावातल्या लोकांना तळ्यावर जावं लागे. पाच. सांगणं तेच."

देवीदासने बोटांवर मोजलं. बरोबर निघालं. पण हिशेब बरोबर निघाला की त्याला जास्तच शंका यायची.

"मंग यवढे दिवस काऊन लागले? मशीन तर एका झटक्यात करते म्हणत."

"करते ना. पाहा." तिने वेगळी नक्कल उघडली आणि मशीनला सांगितलं, 'वर'च्या मागची जागा सगळीकडून काढ. 'तळ्या वर'चं 'तळ्यावर' झालं, ठीकच. पण खाली 'त्याने मान वर केली' होतं, त्याचं 'त्याने मानवर केली' होऊन बसलं. "हा 'वर' सुटाच पाहिजे. पुढे, मागे, खाली, सगळ्याईची हीच गत. मागच्या शब्दाले चिकटला तर जोडाचा, नाही तर सोडाचा. काही ठिकाणी उलटं, 'माणसांनीगाव' असं जुडलेलं. ते तोडलं. ओळ न् ओळ वाचल्याबिगर होत नाही जी."

ओळ न् ओळ वाचली. म्हणजे विहिरीची ओळही वाचली. देवीदासला नेमकं तेच पाहिजे होतं. चोर आपल्या तोंडाने बोलला, असं त्याला वाटलं.

"मंग मायच्या विहिरीचं पान दाखव."

नूतनने त्याच्याकडे बघितलं. "कोणती विहीर?"

"पाटलाची. तुह्या बापाच्या आतेभावाची." आवाज चढला तसा छपाईकडचा माणूस वळून बघू लागला. "नात्यातलं नाव आलं म्हणून काढलंस ना? जोडाजोडी म्हणत माही माय पुसून टाकली."

नूतनचा चेहरा उतरला. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने 'विहीर' शोधलं, मग 'विहिरी' शोधलं. कुठेच नव्हती. मग तिने खणातून पाकीट काढलं. तेच, संघदीपच्या अक्षरातलं. "मी मूळ सीडीले हात लावत नाही, नक्कल करून काम करतो. आन् यावर कोणी काही बदलवू शकत नाही. एकदा लिहिली की लिहिली."

सीडी आत गेली, घरघरली. पडद्यावर लेकाने लिहिलेला लेख आला, सुटे 'ने' आणि सुटे 'ला' जसेच्या तसे. नूतनने पुन्हा दोन्ही शब्द शोधले.

नव्हती. तळं होतं, शाळा होती, दीक्षेला गेलेली बैलगाडी होती. सुमनबाई नव्हती.

देवीदास आता कुठे खुर्चीवर बसला. बाहेरच्या माणसाच्या काट्याखाली बोट घालता घालता घरातलं माप बघायचं राहून गेलं होतं. संघदीपच्या शाळेचा अध्यक्ष जागेश्वर पाटलाचा नातू स्वप्निल होता, आणि संघदीपला कायम करायचं की नाही हे या उन्हाळ्यात ठरणार होतं. हे त्याला ठाऊक होतं. फक्त लेकावर संशय घ्यायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"माफ कर, बाई," तो म्हणाला.

"राहू द्या." नूतनने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाली, "पाठ आहे का तुमाले?"

पाठ नसेल कसं? पण एका बाजूला कपाळावर पदर ओढणारी माय, दुसऱ्या बाजूला तिचाच नातू, दर महिन्याला बापाच्या दम्याचं औषध न सांगता आणणारा. पोराने भिऊन केलं, दुष्टपणाने नाही, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं.

"लिही," तो शेवटी म्हणाला. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. आईने दोर सोडला, बादली वर ओढली. नाव आलं तिथे नूतनची बोटं थांबली.

"नाव टाकू?"

"तुह्या नात्यातलं आहे. तू सांग."

"मले काय विचारता," नूतन म्हणाली, आणि तिने लिहिलं, 'जागेश्वर पाटलाने'. एका दमात, कुठे न तोडता.

संध्याकाळच्या पॅसेंजरने तो सौंदडला उतरला. नवं प्रूफ पिशवीत होतं. संघदीप नेहमीसारखा फलाटावर घ्यायला आलेला. बापाच्या तोंडाकडे न बघता त्याने विचारलं, "बाबा, किती शब्द भरले?"

असा प्रश्न त्याने याआधी कधी विचारला नव्हता.

"पह्यले घटले," देवीदास म्हणाला. "मंग वाढले."

संघदीप जागच्या जागी उभा राहिला. "बाबा, मी यंदा परमनंट होऊन राहिलो..."

"माहीत आहे मले."

मग संघदीपने रोजच्यासारखा पिशवीला हात घातला. बाप थकला की पिशवी लेकाने घ्यायची, हा त्यांचा जुना रिवाज. देवीदासने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि स्वतःच धरून चालू लागला.