आठ दिवसांचं आजारपण

पॅकिंग खात्याचा सुपरवायझर तिचा धाकटा दीर, म्हणून अख्खी फॅक्टरी तिला वहिनी म्हणायची. टाइम ऑफिसच्या खिडकीशी ती हसतच उभी राहिली. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं, आणि सासरी करणारं कोणीच नव्हतं.

"बारा दिवसांची भरपगारी टाका. सगळी."

क्लार्कबाईंनी स्क्रीनवरून मान वर केली. "वहिनी, तुमच्या खात्यात शून्य आहे."

"थट्टा पुरे हं. गेल्या वर्षीच्या कामाची रजा या वर्षी मिळते ना? वीस दिवसांना एक."

"मिळते. पण आधी वर्षात कामाचे दोनशे चाळीस दिवस भरावे लागतात. तुमचे दोनशे चौतीसच आहेत."

"बॉयलर बंद होता ते आठ दिवस? माझ्या शेजारच्या टेबलावरचीला तर कालच रजा मिळाली!"

"तिचा ले-ऑफ होता. कंपनीनं घरी बसवलं ते दिवस दोनशे चाळिसात धरतात. त्यांवर रजा साठत नाही, पण उंबरठा ओलांडता येतो. तुम्ही त्या आठ दिवसांत आजारी होतात."

वहिनी कुठली आजारी! ले-ऑफला अर्धाच पगार, म्हणून भाऊजींनीच डॉक्टरचा दाखला आणून दिला होता. "आजारपणाच्या रजेला पूर्ण मिळतो, वहिनी. घरच्या माणसासाठी एवढं तर करीन." पगार आला म्हणजे हजेरी लागलीच, असं दोघंही धरून चालले होते.

"आजारपणाचा पगार मिळतो, पण तो दिवस कामाचा धरत नाहीत," क्लार्कबाई हळूच म्हणाल्या. "काही चूक झाली असेल तर लिहून द्या, मी वर पाठवते."

लिहायचं तरी काय? की दाखला खोटा होता?

भाऊजी मशीनमागे भेटले. ऐकून त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी, तोंडातून अवाक्षर काढू नका. माझी नोकरी जाईल, आणि तुमचीही."

"आणि पोरीचं काय?"

"बिनपगारी घ्या ना. चार दिवसांवर मी सही करतो. ऑर्डरी तुंबल्यात, जास्त नाही देता येणार."

"चार दिवसांत दवाखान्यातून घरी तरी येईल का ती? आणि हे चार यंदाच्या हजेरीतूनही जाणार."

"तुमच्या भल्यासाठीच केलं होतं मी."

"तेच तर. वाईटासाठी केलं असतं तर वर जाऊन सांगितलं असतं."

भाऊजींनी खिशातून रजेचा कोरा अर्ज काढला, चार दिवस लिहिले आणि मशीनवरच ठेवून सही ठोकली. "बघा, लगेच केलं की नाही?"

तिने कागद उचलला. बाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"आई, किती दिवस येतेयस?"

"चार."

"चारच? काकांना सांग ना, ते करतील काहीतरी."

"नको गं बाई," ती म्हणाली, "त्यांना आता काही करायला सांगू नकोस."