साडेतीनशे वॅट

माझे सासरे, शिवकांतमामा, रिटायर झाल्यापासून दिवसभर सोलरचं ते जर्मन अ‍ॅप बघत बसतात. मेच्या भर दुपारी ओरडले, "ऋतुजा, बग की! काल या टायमाला तीन हजार वॅट बनत होती, आज साडेतीनशे! ग्रीडला तर शून्य जायलीय. पॅनलवर धूळ बसली!"

मी काही बोलायच्या आत बादली घेऊन गच्चीवर. या उन्हात, या वयात!

चिडून मी त्यांचा मोबाईल उचलला. अ‍ॅपमध्ये सोलरची बॅटरी शंभर टक्के. घराचा वापरही साडेतीनशे वॅटच. म्हणजे बॅटरी भरलेली, बाहेरची ग्रीडची लाईन बंद. जास्तीची वीज जायला जागाच नाही, म्हणून इन्व्हर्टर घराला लागेल तेवढीच बनवत होता. पॅनल ठणठणीत होते. गावाची लाईट गेली होती, आणि कूलरसमोर बसलेल्या आम्हाला पत्ताच नव्हता.

"मामा, खाली या! लाईट गेलीय!" मी जिन्यातून ओरडले.

"ते दिसायलंय की," ते हळूच म्हणाले.

मी वर गेले. बादली तशीच भरलेली होती. खाली सगळी गल्ली दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती, आणि आमच्या कूलरचा आवाज ऐकत होती.