न काढलेली रेघ

माझे सासरे, एकनाथराव, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यातला हेडक्लार्क मात्र शेवटपर्यंत कामावर होता. हृदय थकलेलं, ठोके अनियमित, पण औषधांचे डबे तारीखवार. फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्यांची लघवीची गोळी बदलली. चाळीस मिलिग्रामची बंद, दहाची नवी सुरू. बाबा भडकले.

"चाळीसचे दहा? माझं वय बघून कपात केली की काय?"

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. खडू दिसला नाही तरी माझा हात शिवशिवतो. लाइट बिलाच्या पाठीमागे मी आडवी रेघ डोसची काढली, उभी परिणामाची, आणि त्यांच्यात एक वळणदार रेघ. आधी हळू चढणारी, मग भरभर, मग वर जाऊन आडवी झालेली.

"बाबा, जुनी गोळी चाळीसला जेवढं पाणी काढते, तेवढं ही दहालाच काढते. थोडक्या मात्रेत तेवढंच काम, म्हणजे हिची ताकद जास्त. पण शिखर दोघींचं जवळपास सारखंच. शिखर गाठलं की कितीही गोळ्या वाढवा, पाणी काही वाढायचं नाही."

"म्हणजे जास्तीची वाया जाते."

"वाया जाते," म्हटलं आणि पर्स उचलून पळाले. दहा वाजता प्रॅक्टिकल होतं.

दुसरी रेघ काढायची राहिली. प्रत्येक औषधाला अपायाची अशी एक रेघ असते, पहिलीच्या उजवीकडे. फायद्याची रेघ वर जाऊन आडवी झाली, तरी डोस वाढवला की ही चढतच राहते. फायदा मिळतो आणि अपाय अजून लांब आहे, एवढ्याच पट्ट्यात माणसाला औषध द्यायचं असतं. काही औषधांचा हा पट्टा ऐसपैस, काहींचा बोटभर. एकच रेघ काढून पेपर देणाऱ्याचे मी निम्मे मार्क कापते.

बाबांच्या हृदयाची गोळी, डिगॉक्सिन, बोटभर पट्ट्यातली. गोळी इवलीशी, पाव मिलिग्रामची. त्यांची किडनी मंदावलेली, औषध अंगात साचू नये म्हणून डॉक्टरांनी सोमवार ते शुक्रवार रोज एक आणि शनिवार-रविवार सुट्टी, असं लिहून दिलं होतं. आता ज्या माणसानं तीस वर्षं शनिवार-रविवारचं साचलेलं काम सोमवारी उरकलं, तो काय करणार? ते सोमवारी तीन गोळ्या घेऊ लागले. आमच्या घरात कुणाला पत्ता नाही. फार तर जास्तीची वाया जाईल, हे तर सूनबाईनंच सांगितलेलं.

एप्रिलमध्ये त्यांचं जेवण तुटलं. सोलापूरचा उन्हाळा, आम्ही उन्हाला बोल लावला. मग एका सकाळी म्हणाले, "भिंतीला पिवळा रंग कधी दिला गं?"

भिंत पांढरी होती. मी नाडी धरली. छत्तीस. डिगॉक्सिन अंगात साचलं की नाडी मंदावते, सगळं पिवळं दिसतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

दवाखान्यात रक्तातली डिगॉक्सिनची पातळी आली तीन पूर्णांक आठ दशांश. त्यांच्यासाठी ती एकच्या आत हवी. तात्पुरता पेसमेकर बसवला. उताऱ्यासाठी डॉक्टर विरुपाक्षांनी पुण्या-मुंबईला फोन लावले, कुठंच मिळेना. "किडनी बाहेर टाकेल तेवढंच जाईल, मॅडम," ते म्हणाले. आणि किडनी काही टाकत नव्हती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही; मला सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा शुद्धीत होते. सोमवारच्या तीन गोळ्यांचं मला तेव्हा कळलं.

"तूच म्हणालीस की, जास्तीची वाया जाते." तक्रार नव्हती, नुसता संदर्भ दिला.

मग मी त्यांना दुसरी रेघ समजावली. हवेत बोटानं काढून दाखवली, वेडीसारखी. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ही त्या दिवशी का नाही काढलीस?"

"उशीर होत होता, बाबा."

त्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी माझा नवरा, आशिष, डिगॉक्सिनची रिकामी पाकिटं घेऊन आला. त्यानं हिशेब लावला होता, आठवड्याला पाचच्या जागी सात गोळ्या संपल्या होत्या. "बाबा, असं घ्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?" मग माझ्याकडं वळला. "तू घरात मास्तरीण असून तुझं लक्ष कुटं होतं?"

मी तोंड उघडलं. बाबा आधी बोलले.

"तिला काही बोलू नको. लई बजावलं होतं तिनं, जास्त घेऊ नका म्हणून. मीच ऐकलं नाही."

जन्मात खोटी नोंद न केलेला माणूस. आशिषनं माझा हात धरला, "चुकलो" म्हणाला. तेव्हा बोलता आलं असतं. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके सैरभैर झाले. चार शॉक दिले. बाबा परतले नाहीत.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आशिष प्रत्येकाला सांगत होता, "इंद्रायणी जीव तोडून सांगत होती हो, बाबांनीच ऐकलं नाही." ताटावरून मान वर करून सगळे माझ्याकडं मायेनं बघत. कुणी म्हणालं, "अशी सून मिळायला नशीब लागतं."

मी त्यांच्या पानात वाढत राहिले.