पेला खालून निवळतो की वरून

तक्रार केंद्रातल्या खुर्चीचा एकच नियम होता: ती रिकामी राहता कामा नये. बसणारा आजारी असो, उपाशी असो, त्याच्या घरी आग लागलेली असो, बदली माणूस आल्याशिवाय उठायचं नाही. त्या दिवशी बदली माणूस रजेवर होता, आणि खुर्चीत ती होती.

केबिन म्हणजे काचेची पेटीच. बाहेरचा गोंगाट फोनमध्ये जाऊ नये म्हणून दार कायम लावलेलं, आणि खिडकी कुणा रंगाऱ्याने रंगाचा हात देताना अशी चिकटवून टाकलेली की ती पुन्हा कधी उघडलीच नाही. कानाला लावायच्या यंत्राची वायर इतकी आखूड की पाणी प्यायला वाकलं तरी मानेला हिसका बसायचा. स्वतःचा मोबाइल बाहेरच्या कपाटात. नळाच्या पाण्याचा प्रत्येक फोन ऐकायचा, आणि त्याचं प्रत्येक वाक्य यंत्रात साठवलं जायचं.

पहाटे मोठी जलवाहिनी फुटली होती. ती जोडून सकाळी पाणी सोडलं, आणि तासाभरात फोनची रांग लागली. सगळ्यांचं एकच. "नळाला दूध येतंय हो!"

नवल काहीच नव्हतं. रिकाम्या वाहिनीत पाणी भरताना हवा दाबाखाली सापडते, पाण्यात मिसळते, आणि नळ उघडला की दाब सुटून तिचे बारीक बारीक बुडबुडे होतात. पेलाभर पाणी पांढरंधोप दिसतं. त्याला ना चव असते, ना वास. ते प्यायलं तर काही होत नाही. ती हे दिवसभर सांगत असे, म्हणून ऑफिसात तिला बुडबुडेताई म्हणत. आधी तिला राग यायचा. मग म्हणणारे थकले नाहीत, तीच थकली.

तिला सगळं नीट शिकवलेलं होतं. प्रयोगशाळेतल्या बाई एकदा टेबलावर पेले मांडून म्हणाल्या होत्या, "बुडबुडे वर जातात, म्हणून हवेचं पाणी खालून निवळतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत निवळतं. घन काही असेल तर ते खाली बसतं, म्हणून ते पाणी वरून निवळतं, सावकाश, आणि तळाला थर ठेवतं. आणि जे क्षार विरघळलेले असतात ते दिसतच नाहीत. ते उकळल्यावर किटलीला पांढरे चिकटतात, तोवर पाणी आरशासारखं." किटलीवाल्यांचे फोनही येत, आणि त्यांना ती सांगे की हे दगडातून आलेले क्षार आहेत, भांडं खराब करतील, पोट नाही.

पूर्वी ती माणसाला फोनवर थांबवून ठेवायची. पेला भरा, उजेडात धरा, खालून साफ होतंय की वरून ते सांगा. पण रांग वाढते म्हणून साहेबांनी हे बंद केलं होतं. साहेब म्हणजे या विभागाचे अभियंता. त्यांनी सगळं एका वाक्यावर आणलं: "पेल्यात भरून ठेवा, निवळलं की हवा होती, वापरा." दोन मिनिटांत की तासाने, खालून की वरून, यातलं काही विचारायला वेळ नव्हता. सकाळपासून तिने तेच वाक्य म्हटलं होतं, आणि सकाळपासून तिला ते खरंच वाटत होतं.

मध्येच एक फोन आला. "पाणीपुरवठा तक्रार केंद्र, नमस्कार."

"नमस्कार कसला करतेस? अगं, मी आहे."

सासूबाई. सुनेचा मोबाइल कपाटात असतो म्हटल्यावर त्या रीतसर रांगेत थांबून आल्या होत्या. घर टेकडीवरच्या वस्तीत, घरी त्या आणि चार महिन्यांचं बाळ. सून कामावर गेल्यापासून बाळ पावडरीच्या दुधावर होतं.

"दुधाला पाणी घ्यायला गेले तर पाणीच दुधासारखं. काय करू?"

"आई, हवा आहे ती. सगळ्यांकडे तसंच येतंय. पेल्यात भरून ठेवा, निवळलं की वापरा."

"तू बघितलंस?"

"मी इथून कशी बघणार?"

"मग इथून सांगतेस कशी?"

तिचा चेहरा तापला. यंत्रात हे सगळं साठत होतं. "आई, रोज हेच काम करते मी," ती हळू आवाजात म्हणाली. सासूबाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांचं 'बरं' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'च. तापात किती थेंब औषध द्यायचं, बाळाला कोणत्या कुशीवर निजवायचं, सुनेच्या तोंडून आलेली गोष्ट त्या दहादा पारखून घेत. पिकतं तिथे विकत नाही, असं तिला वाटलं, आणि वाईटही वाटलं. पण रांग चालूच होती.

दुपारी टेकडीवरून एका न्हाव्याचा फोन आला. पाणी पांढरं, हे त्याने सांगितलं, आणि तिने आपलं वाक्य सुरू केलं.

"ते केलं मी, ताई. सकाळी पेला भरून ठेवला. निवळायला बराच वेळ लागला. पण गिऱ्हाइकाच्या गालाची आग होतेय, आणि माझी बोटं बुळबुळीत झालीत, साबण न लावता."

ती सरळ बसली. वायरीने मान ओढली. "निवळलं ते खालून की वरून?"

"वरून. खाली पिठासारखं बसलंय. थांबा, ढवळतो… हे बघा, पुन्हा पांढरं झालं."

ढवळल्यावर हवा परत येत नाही. "ते पाणी कुणी पिऊ नका. गालाला लावू नका. दुकानात ठेवलेलं जुनं पाणी असेल तर ते वापरा," ती म्हणाली, आणि लगेच साहेबांचा आतला नंबर लावला.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लेलं नसावं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"टेकडीच्या टाकीला आतून नवा गिलावा केला होता ना?" तिने विचारलं.

"केला होता. मग?"

"ती आज का चालू केली?"

"वाहिनी फुटली, बाई. जोडली तरी दाब टेकडीपर्यंत चढेना. टेकडीला पाणी कुठून देणार होतो? आभाळातून?"

"धुतली होती का?"

काचेवर टेकवलेला हात साहेबांनी काढून घेतला. टाकी पुरती धुतलेली नव्हती, गिलाव्याचा चुना आणि सिमेंट पाण्यात उतरत होतं, हे दोघांनाही कळलं. असं पाणी उकळून काही उपयोग नसतो. बुडबुडे उकळीत निघून जातात, हा दाहक चुना पाण्यातच राहतो. मोठ्या माणसाची जीभ सांगेल, कडवट लागतंय म्हणून. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही, आणि त्याच्या तोंडाला, पोटाला ते सोसत नाही.

"नमुना पाठवतो," साहेब म्हणाले. "टाकी बंद करायची परवानगीही मागतो. पण अहवाल येईपर्यंत आपल्याकडून हवाच. कळलं? आणि सकाळी फोन केलेल्यांना परत फोन लावायचे नाहीत. पळापळ झाली तर तुमची नोकरी जाईल, आणि माझी आधी जाईल."

"साहेब, माझं बाळ टेकडीवर आहे. मला घरी जाऊ द्या."

"जा की. पण खुर्चीत कोण बसणार? मी बसलो तर परवानगी कोण मागणार?"

यात दुष्टपणा नव्हता, हेच तर वाईट होतं. तिने घरचा नंबर लावला. नुसती घंटी वाजत राहिली. बाळ झोपताना सासूबाई फोनचा आवाज बंद करून उशीखाली ठेवत. बाळ कधी झोपतं? पोटभर प्यायल्यावर. तिने पुन्हा लावला. पुन्हा घंटी. समोर रांगेचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि नियम असा की दिवा लागला की उचलायचं.

तिने उचलला. टेकडीवरच्याच आजोबांचा फोन. साहेब अजून दारात होते. "पेल्यात भरून ठेवा," तिच्या तोंडून बाहेर पडलं, "निवळलं की…" पुढचं तिने अर्धंच सोडलं. साहेबांनी मान हलवली आणि ते गेले. ते वळल्यावर ती घाईने म्हणाली, "आजोबा, राहू द्या. नकाच पिऊ," पण तिकडून फोन आधीच ठेवलेला होता. आजोबा ऐकून समाधानी झाले होते. केंद्रातल्या बाईने सांगितलंय म्हटल्यावर आणखी काय ऐकायचं?

उठून पळावं, दार ढकलावं, बस पकडावी. आणि मग इथे दिवा लागेल, आणि उचलणारं कुणी नसेल, किंवा कुणी नवखं येऊन तेच वाक्य म्हणेल. ती उठली नाही. त्या खुर्चीचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

पुढचा दिवा. "अगं, मी आहे."

"आई! पाजलंत का? त्या पाण्याचं पाजलंत का?"

"ओरडू नकोस. नाही पाजलं."

"नाही?"

"निवळलं, पण तळाला चुना बसला. मी काय डोळे मिटून आंधळी कोशिंबीर खेळायची? शेजारणीकडे कालचं भरलेलं पाणी होतं, ते उकळून घेतलं. पिऊन झोपलाय तो. तुला सांगायला फोन केला, तर रांगेत ताटकळत ठेवतात मेले."

तिने डोकं हातांत धरलं आणि ती रडली, यंत्रात आवाज साठेल याची पर्वा न करता.

"आता रडायला काय झालं?" सासूबाईंचा आवाज नरमला. "तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हे गं. मी कुणावरच ठेवत नाही."

फोन ठेवला तेव्हा तिला एकदम हलकं वाटलं. फार वेळ ते टिकलं नाही. तिचं बाळ वाचलं होतं, कारण घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. टेकडीवरच्या बाकीच्यांनी ऐकलं होतं.

पडद्यावर सकाळचे नंबर होते, टेकडीचे वेगळ्या रंगात. बाहेर साहेब कुणाला तरी फोनवर विनवत होते. तिने लाल दिव्याकडे पाठ केली आणि पहिला नंबर लावला. उचलला एका तरुण मुलीने.

"तक्रार केंद्रातून बोलतेय. सकाळी तुम्ही पाण्याबद्दल…"

"अगंबाई, ताई, तुम्ही? परत फोन करून विचारलंत! हल्ली कोण करतं एवढं?" मुलगी खूश झाली होती. मागे एक बाळ किंचाळत होतं. "तुम्ही सांगितलंत तस्सं केलं बघा. छान निवळलं. माझ्या सासूबाई नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, आई, केंद्रातल्या बाईंना जास्त कळतं. त्याचंच दूध करून दोनदा पाजलं."

तिने यंत्र कानावर घट्ट दाबलं.

"फक्त रडतंय हो सारखं. ओठ लाल झालेत. उलट्या पण केल्या. हवेनेच होत असेल ना, ताई?"

काचेवर टकटक झाली. साहेब दारात उभे राहून लाल दिव्याकडे बोट दाखवत होते.

"नाही," ती म्हणाली, प्रत्येक शब्द यंत्रात नीट साठेल इतक्या मोठ्याने. "हवा नव्हती. पाण्यात चुना आहे. याच क्षणी बाळाला घेऊन दवाखान्यात जा, आणि नळाचं पाणी बाटलीत भरून सोबत न्या. ते विचारतील, हे पाणी पाजायला सांगितलं कुणी. सांगा, मी सांगितलं."